कोटेशन मागवताना माप आपलं हवं

‘सोसायटीच्या इमारतीचे बाहेरून रंगकाम करावयाचे आहे. तरी आपले कमीत कमी दर कळवावेत.’

पावसाळा सरला, भिंती सुकल्या की आपल्या शहरांतल्या गृहनिर्माण सोसायट्यांमधून अशी दोन ओळींची पत्रं निघू लागतात. चार-पाच ठेकेदारांना पत्र जातं, पंधरा दिवसांत तीन-चार उत्तरं येतात आणि मग कमिटीची मीटिंग भरते. तिथून पुढे घोळ सुरू होतो. प्रत्येक उत्तराची भाषा वेगळी असते, आकडा वेगळ्या गोष्टीचा असतो आणि कुणाचं स्वस्त, कुणाचं महाग हे दोन तास बोलूनही ठरत नाही. शेवटी ज्याच्याशी कुणाची तरी ओळख आहे त्याला काम जातं. दोष ठेकेदारांना दिला जातो, पण बहुतेक वेळा तो त्या दोन ओळींच्या पत्रात असतो. उत्तरांची तुलना होणार की नाही, हे कोटेशन हातात येण्याच्या आधीच, पत्र लिहिताना ठरून गेलेलं असतं.

समजा, एका चार मजली इमारतीसाठी वरच्या पत्राला तीन उत्तरं आली. इथले दर आणि मापं समजण्यासाठी घेतलेली आहेत, पण उत्तरांचे नमुने नेहमी भेटणारे आहेत. पहिला लिहितो : ‘दर चौरस फुटाला २८ रुपये, जीएसटी वेगळा, माप प्रत्यक्ष कामानुसार.’ दुसरा लिहितो : ‘संपूर्ण काम, मटेरियल व मजुरीसह, रु. ७,९०,०००.’ तिसरा लिहितो : ‘दर चौरस फुटाला ३६ रुपये, परांचीसह, जीएसटी वेगळा, मोजलेले क्षेत्र २०,४०० चौरस फूट.’

मीटिंगमध्ये पहिली नजर २८ आणि ३६ वर जाते. तिसरा तब्बल आठ रुपयांनी महाग! पण पहिल्याला फोन करून विचारलं, तर कळतं की त्याच्या ‘प्रत्यक्ष माप’ या शब्दांचा अर्थ खिडक्या-दारांसकट अख्खी भिंत असा आहे. बाहेरून सरळ टेप लावला की ती २६,५०० चौरस फूट भरते. २८ रुपयांनी त्याचे ७,४२,००० होतात आणि १८ टक्के जीएसटी धरून ८,७५,५६०. तिसऱ्याने खिडक्या वजा केल्या आहेत. त्याचे २०,४०० गुणिले ३६ म्हणजे ७,३४,४०० आणि जीएसटीसह ८,६६,५९२. आठ रुपयांनी महाग दिसणारा माणूस नऊ हजारांनी स्वस्त निघाला. शिवाय त्याच्या दरात परांची आहे, पहिल्याच्या दरात ती आहे की नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्याचा ७,९०,००० हा आकडा जीएसटी धरून असेल तर तोच सर्वांत कमी आणि जीएसटी वेगळा असेल तर ९,३२,२०० म्हणजे सर्वांत जास्त. एका न लिहिलेल्या शब्दाने तो यादीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातो.

यात कुणी फसवलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या सवयीप्रमाणे उत्तर दिलं, कारण पत्राने कुठली सवय पाळायची ते सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, माप सोसायटीने स्वतः घ्यायचं. ठेकेदाराला मोजायला सांगितलं की तीन ठेकेदारांची तीन मापं येणारच. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला फी देऊन इमारतीच्या चारही बाजू मोजून घ्याव्यात आणि ते माप पत्रात छापावं. बांधकामाची मापं कशी घ्यायची याचं भारतीय मानकच आहे, आयएस १२००. प्लास्टर आणि रंगाचे भाग त्यात स्वतंत्र आहेत. उदाहरणार्थ, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा, म्हणजे झरोक्यासारखी भोकं, मापातून वजा करत नाहीत. त्याहून मोठ्या खिडक्या-दारांच्या वजावटीचे नियम वेगळे आहेत. पत्रात ‘मापे आयएस १२०० प्रमाणे’ एवढं लिहिलं तरी शेवटच्या बिलाच्या वेळचं अर्धं भांडण मिटतं. मानक नको असेल तर साध्या शब्दांत लिहावं : खिडकीची जागा वजा, चज्जाच्या वरची आणि खालची बाजू धरलेली, डक्टच्या आतल्या भिंती धरलेल्या, ग्रिल आणि पाइप वेगळे. नियम कुठलाही चालेल, तो सगळ्यांना एकच असायला हवा.

दुसरी गोष्ट मालाची. ‘उत्तम प्रतीचा रंग’ या शब्दांना किंमत लावता येत नाही. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या बाहेरच्या रंगात तीन-चार प्रती असतात आणि सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या प्रतीच्या बादलीत किमतीचा मोठा फरक असतो. ठेकेदाराने नुसतं कंपनीचं नाव लिहिलं तर तो त्या कंपनीची कुठलीही प्रत लावू शकतो आणि तरीही खोटं बोललेला नसतो. म्हणून पत्रात रंगाचं पूर्ण नाव, प्रत आणि हात लिहायचे : आधी प्रेशरने पाणी मारून शेवाळ काढणे, एक हात प्रायमर, दोन हात रंग. एकाच कंपनीला बांधून घ्यायचं नसेल तर दोन-तीन कंपन्यांची त्याच तोडीची नावं सोसायटीने स्वतः ठरवून लिहावीत. ‘किंवा समकक्ष’ असं मोघम लिहिलं की समकक्ष कोणतं हे प्रत्येक ठेकेदार आपल्या सोयीने ठरवतो.

माल खरोखर तेवढा लागला का, हे पाहायची एक साधी युक्ती आहे आणि ती पत्रातच लिहून ठेवावी. रंगाच्या माहितीपत्रकात एका लिटरमध्ये किती क्षेत्र रंगतं ते दिलेलं असतं. समजा, निवडलेल्या रंगाचे दोन हात मिळून लिटरला ५० चौरस फूट होतात. मग २१,००० चौरस फुटांना ४२० लिटर लागतील, म्हणजे वीस लिटरच्या २१ बादल्या. भिंत खडबडीत असेल तर थोडा जास्तच रंग पितात. पत्रात लिहावं की बादल्या सीलबंद येतील, कमिटीच्या माणसासमोर उघडल्या जातील आणि रिकाम्या बादल्या मोजून झाल्याशिवाय आवाराबाहेर जाणार नाहीत. हे वाचल्यावर चौदा बादल्यांत काम उरकण्याच्या हिशोबाने कमी दर भरणारा आधीच बाजूला होतो आणि ज्याने एकवीस बादल्या धरून दर भरला त्याच्यावर अन्याय होत नाही. सरळ मनाच्या ठेकेदाराला सर्वांत मोठी भीती हीच असते, की आपण पूर्ण माल धरून दर देऊ आणि पातळ रंग मारणारा काम घेऊन जाईल.

आता या कामातला सर्वांत अवघड भाग. रंगाचं क्षेत्र मोजता येतं, पण प्लास्टर किती खराब आहे हे खालून दिसत नाही. परांची बांधून भिंतीवर हातोडीने ठोकत गेलं की जिथे पोकळ, ‘ढब ढब’ आवाज येतो तिथलं प्लास्टर सुटलेलं असतं. ते काढून पॉलिमर मॉर्टरने पुन्हा भरावं लागतं. हे क्षेत्र कामाच्या आधी कुणालाच नक्की सांगता येत नाही. ठेकेदाराला एकरकमी आकडा मागितला तर तो दोनपैकी एक करतो : भीतीपोटी भरपूर वाढवून लिहितो, किंवा कमी लिहून काम घेतो आणि मग अर्ध्या वाटेवर ‘हे आपल्या कोटेशनमध्ये नव्हतं’ म्हणतो. परांची उभी आहे, भिंत फोडलेली आहे, अशा वेळी सोसायटीला तो सांगेल तो दर मान्य करावाच लागतो.

यावर उपाय असा की, गच्चीवरून आणि खिडक्यांतून जमेल तेवढं ठोकून इंजिनिअरने एक अंदाज काढायचा आणि तो अंदाज सगळ्यांना सारखाच द्यायचा. प्रत्येकाने त्या अंदाजावर चौरस फुटाचा दर भरायचा आणि बिल मात्र जितकं काम निघेल तितक्याचंच. पत्रातला मजकूर साधारण असा : ‘प्लास्टर दुरुस्तीचे १,२०० चौ. फूट क्षेत्र हे अंदाजी आहे. प्रत्यक्ष क्षेत्र कमी-जास्त झाल्यास याच दराने बिल होईल. दुरुस्तीची जागा फोडण्यापूर्वी सोसायटीच्या प्रतिनिधीसमोर खडूने आखून मोजली जाईल.’ शेवटचं वाक्य विसरू नये. एकदा प्लास्टर फोडलं की मूळचं क्षेत्र किती होतं हे सांगायला कुणी साक्षीदार उरत नाही.

परांचीची रक्कम मी नेहमी वेगळ्या ओळीत मागायला सांगतो. ती चौरस फुटाच्या दरात मिसळलेली असली, तर प्लास्टरचं काम वाढल्यावर उभ्या असलेल्या परांचीचे पैसे पुन्हा एकदा द्यावे लागतात.

आता असं पत्र पाठवल्यावर त्याच तिघांची उत्तरं कशी येतील ते पाहू. सोसायटीच्या इंजिनिअरने रंगाचं क्षेत्र २१,००० चौरस फूट मोजलं, भेगा ३,००० रनिंग फूट आणि प्लास्टर अंदाजे १,२०० चौरस फूट. चौकट सोसायटीने छापून दिली, ठेकेदारांनी फक्त दर भरले. जीएसटी सगळ्यांना शेवटी वेगळ्या ओळीत लिहायला सांगितला आहे, म्हणून इथे तो धरलेला नाही.

| काम | पहिला | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|
| रंग, २१,००० चौ. फूट | २३ रु. दराने ४,८३,००० | २६ रु. दराने ५,४६,००० | २७ रु. दराने ५,६७,००० |
| भेगा भरणे, ३,००० र. फूट | २५ रु. दराने ७५,००० | ३० रु. दराने ९०,००० | २८ रु. दराने ८४,००० |
| प्लास्टर, १,२०० चौ. फूट (अंदाजी) | १९० रु. दराने २,२८,००० | १२० रु. दराने १,४४,००० | १३५ रु. दराने १,६२,००० |
| परांची, एकरकमी | १,१०,००० | १,२०,००० | १,३५,००० |
| एकूण | ८,९६,००० | ९,००,००० | ९,४८,००० |

पहिला सर्वांत कमी आहे, पण फक्त चार हजारांनी. बहुतेक कमिट्या इथे थांबतात आणि त्याला काम देतात. पण एकदा ओळी आडव्या वाचून पाहाव्यात. पहिल्याचा रंगाचा दर सर्वांत कमी आहे आणि प्लास्टरचा दर दुसऱ्यापेक्षा फुटामागे ७० रुपयांनी जास्त. रंगाचं क्षेत्र वाढणार नाही, हे त्याला माहीत आहे. वाढलं तर प्लास्टरच वाढणार, हेही त्याला अनुभवाने माहीत आहे. चार हजारांची बचत ७० रुपयांच्या फरकाने संपायला अवघं ५७-५८ चौरस फूट जास्तीचं प्लास्टर पुरतं, म्हणजे एका बेडरूमच्या भिंतीहूनही कमी. आणि जुन्या इमारतीत घडतं तसं ते दुप्पट, २,४०० चौरस फूट निघालं तर? पहिल्याचे ११,२४,००० होतात, दुसऱ्याचे १०,४४,००० आणि तिसऱ्याचे ११,१०,०००. सर्वांत स्वस्त होता तो सर्वांत महाग झाला आणि दुसऱ्यापेक्षा ८० हजारांनी वर गेला.

म्हणून तुलनात्मक तक्ता एकदा करून भागत नाही. अंदाजी कामाचं क्षेत्र निम्मं धरून, आहे तसं धरून आणि दुप्पट धरून असा तीनदा करावा. निम्म्यावर पहिला ७,८२,००० आणि दुसरा ८,२८,००० येतो, म्हणजे प्लास्टर खरंच चांगलं असेल तर पहिला ४६ हजारांनी परवडतो. मग प्रश्न उरतो तो इमारतीचा : प्लास्टर किती खराब असण्याची शक्यता आहे? त्याचं उत्तर इंजिनिअर देऊ शकतो. ‘यांच्यावर विश्वास ठेवायचा की त्यांच्यावर’ या वादापेक्षा हा प्रश्न कितीतरी बरा, आणि तो विचारता आला कारण दर ओळीओळीने मागितले होते.

पैसे कधी द्यायचे हेही पत्रानेच ठरवावं. एक जण ४० टक्के आगाऊ मागतो, दुसरा १० टक्क्यांत काम सुरू करतो; हे दोन दर सारखे नव्हेत. सोसायटीला जमेल असा एकच हप्त्यांचा क्रम लिहावा, उदाहरणार्थ आगाऊ १० टक्के, पुढे बाजूबाजूने काम पूर्ण होईल तसं, आणि शेवटचे ५ टक्के एक पावसाळा उलटल्यावर. मग प्रत्येकजण तोच क्रम धरून दर भरतो. जीएसटीच्या ओळीबद्दल एवढंच, की नोंदणी नसलेला छोटा ठेकेदार जीएसटी लावू शकत नाही. म्हणून तुलना शेवटी सोसायटीच्या खिशातून एकूण किती जाणार त्या रकमेची करावी, मूळ दराची नाही.

वॉरंटीच्या बाबतीत तर शब्द मोजून घ्यावे लागतात. ‘सात वर्षे वॉरंटी’ हे तिन्ही कोटेशनांत असलं तरी एकाची रंग कंपनीची असते, जी बहुधा फक्त मालापुरती असते, आणि दुसऱ्याची ठेकेदाराची स्वतःची. मला पत्रात हे वाक्य हवंच असतं : ‘वॉरंटीच्या काळात रंग सुटल्यास, फुगल्यास अथवा भरलेली भेग पुन्हा उघडल्यास ठेकेदार परांचीच्या खर्चासह दुरुस्ती करून देईल.’ चौथ्या मजल्यावर दोन हात जागेत रंगाचे फुगे आले, तर ते घासून रंगवायला किरकोळ खर्च येतो. तिथवर पोचायला येतो तो खरा खर्च. परांचीचा उल्लेख नसलेली वॉरंटी वरच्या मजल्यांना लागूच होत नाही असं समजावं.

तक्त्याखाली एक रिकामी चौकट ठेवावी : ‘आपल्या दरात समाविष्ट नसलेले काही असल्यास येथे लिहावे. चौकट रिकामी असल्यास वरील सर्व कामे समाविष्ट धरली जातील.’ पाणी आणि वीज कुणाची, राडारोडा कोण उचलणार, खालच्या गाड्यांवर आणि झाडांवर प्लास्टिक कोण घालणार, हे सगळं मग कामाच्या आधी बाहेर येतं. आणि एखाद्याकडे खरोखरच चांगली वेगळी सूचना असेल, समजा तो म्हणतो की पावसाच्या माऱ्याच्या बाजूला ताण सहन करणारा लवचीक रंग लावा, तर तिला जागा द्यावी. मात्र आधी मागितलेल्या कामाचा दर भरायचा आणि वेगळी सूचना वेगळ्या कागदावर द्यायची. तसं नाही केलं तर सूचना चांगली असूनही त्याचं कोटेशन इतरांच्या ओळीत बसत नाही.

पत्र सारखं असलं तरी वागणं सारखं नसेल तर काही उपयोग नाही. जागा पाहायला सगळ्यांना एकाच दिवशी बोलवावं किंवा निदान एकाच माणसाने सगळ्यांना दाखवावी. एका ठेकेदाराने विचारलं, ‘डक्टमधल्या भिंती धरायच्या का?’, तर त्याचं उत्तर विचारणाऱ्याचं नाव न सांगता सगळ्यांना लिहून पाठवावं. बंद पाकिटं एकाच तारखेपर्यंत घ्यावीत आणि कमिटीसमोर एकत्र उघडावीत. एकाचा दर दुसऱ्याला सांगून ‘तुम्ही किती खाली येता?’ असं विचारायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला साफ नामंजूर आहे. त्यामुळे पुढच्या वेळी सगळेच दर वाढवून भरतात, कारण खाली यायला जागा ठेवावी लागते. सरकारी खरेदीसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये सांगितलंच आहे, की निविदा उघडल्यावर वाटाघाटी करू नयेत, आणि अपवाद म्हणून केल्याच तर त्या फक्त सर्वांत कमी दर भरणाऱ्याशी. सोसायटीला हे बंधन नाही, पण त्यामागचं कारण सोसायटीलाही तितकंच लागू आहे.

पत्र कुणाकुणाला पाठवायचं हे दर पाहण्याआधी ठरवावं. ज्यांचं काम तीन पावसाळे काढलेल्या इमारतीवर जाऊन पाहता येईल अशा पाच-सहा जणांना पाठवलं, की तीन-चार पूर्ण उत्तरं येतात. ‘तीन कोटेशन हवीत’ हा नियम पाळण्यासाठी एकाच ठेकेदाराला ‘आणखी दोन तुम्हीच आणा’ म्हणून सांगितलं जातं, हे अनेकांना माहीत असेल. असले कागद ओळखू येतात : तिन्हींत एकाच शब्दाची तीच चूक असते, कामांचा क्रम आणि ओळींची मांडणी तीच असते, आणि दोघांचे दर पहिल्याच्या दरात प्रत्येक ओळीत सारखीच टक्केवारी मिळवून काढलेले असतात. स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या माणसांचे दर असे समांतर कधीच येत नाहीत. वरच्या तक्त्यात पाहा, कुणी रंगात स्वस्त आहे तर कुणी प्लास्टरमध्ये.

एखाद्याचा दर इतरांपेक्षा फारच खाली असला तर त्याला लगेच बाद करू नये आणि लगेच कामही देऊ नये. ती ओळ दाखवून लेखी विचारावं : या दरात किती लिटर रंग धरला आहे आणि किती माणसं किती दिवस? काहींकडे खरंच कारण असतं, परांचीचं सामान स्वतःचं असतं किंवा शेजारच्या इमारतीत काम चालूच असतं. काहींनी दोन हातांऐवजी एकच हात धरलेला असतो. तशी चूक निघाली तर त्याला दर बदलू देऊ नये. मागे घ्यायचा असल्यास घेऊ द्यावा.

राहता राहिली तारीख. कोटेशनच्या तळाशी बहुतेक जण ‘हा दर ३० दिवस लागू’ असं लिहितात. आपल्या उपविधींप्रमाणे ठरावीक रकमेपलीकडच्या दुरुस्तीला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि सभेच्या नोटिशीपासून ठरावापर्यंत महिना सहज जातो. म्हणून पत्रात ९० दिवसांची मुदत मागावी. आणि रंगाला कोरडे महिने लागत असल्याने पत्र गणपतीच्या सुमारास निघालं, तर दिवाळीपर्यंत सभा होऊन डिसेंबरात परांची उभी राहू शकते.